दहा टक्के नमुना : लहान गावात तोकडा, मोठ्या शहरात वायफळ

«गाव असो की शहर, लोकसंख्येच्या किमान दहा टक्के नमुना घ्यायलाच हवा. सूत्रबित्र म्हणजे कमी काम करायची पळवाट. आणि दहा टक्के भरले की कोणालाही विचारा, चालतं.»

सर्वेक्षणाबद्दल असं सर्रास ऐकू येतं. आधी दहा टक्क्यांचं पाहू. माथेरानसारखं गाव घ्या. २०११च्या जनगणनेत तिथे सुमारे ४,४०० माणसं होती. हिशेबासाठी घरं १,००० धरू. दहा टक्के म्हणजे १०० घरं. ‘नळाचं पाणी पुरतं का?’ असं विचारलं आणि निम्म्यांनी हो म्हटलं, तर चूक दोन्ही बाजूंना ९ टक्क्यांहून जास्त. म्हणजे खरा आकडा ४१ ते ५९ मध्ये कुठेही. उलट पुण्यात दहा टक्के घरं म्हणजे लाखाच्या आसपास फॉर्म, आणि ५ टक्के चुकीसाठी तिथे ३८५ पुरतात.

आता पळवाट. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली, की मोठ्या लोकसंख्येसाठी लागणारा नमुना n₀ = 384.16 येतो. लोकसंख्या मर्यादित, म्हणजे N एवढीच असेल तर लागणारा नमुना n असा:

```
n = n0 / (1 + (n0 - 1)/N)
  = 384.16 / (1 + 383.16/1000) ≈ 278
```

२७८ घरांचं उत्तर हाती आलं, की शंका उरते ती बाकीच्या ७२२ घरांपुरती. ३८५ ऐवजी २७८ ची सवलत मिळते ती एवढ्याचसाठी. तरी हे २८ टक्के झाले. दहा टक्केवाल्यांपेक्षा सूत्रच जास्त पायपीट करायला लावतं! दोन्ही हिशेब जुळतात ते साधारण ३,४६० घरांच्या गावात, तेही योगायोगाने.

अहवालात खरी गफलत होते ती N मध्ये. नमुना घरांचा काढायचा आणि N म्हणून ४,४०० माणसं टाकायची, हे मी वारंवार पाहतो. मग उत्तर ३५४ येतं आणि परीक्षक विचारतो, हे कुठून आलं? यादी ज्याची, N त्याचाच. शिवाय २७८ म्हणजे भरून आलेले फॉर्म. पाचातलं एक घर बंद किंवा नकार देणारं निघणार असेल, तर सुरुवातीला ३४८ घरं निवडा. आणि वॉर्डनिहाय निष्कर्ष हवे असतील तर २७८ विसरा: २५० घरांच्या एकेका वॉर्डाला १५२ लागतात, चार वॉर्डांना ६०८.

उरलं ‘कोणालाही विचारा’. वरचं सगळं गणित यादीतून चिठ्ठी टाकून निवडलेल्या घरांसाठी आहे. बाजारात उभं राहून ५०० जणांना विचारलंत, तर दिवसभर घरात असलेली बाई आणि वरच्या आळीतला म्हातारा त्यात येतच नाहीत. मग N कितीही अचूक टाका, ती चूक सूत्राला दिसत नाही. आणि हा निकाल शेजारच्या गावांनाही लावायचा असेल तर सवलत घेऊच नका, कारण तेव्हा तुमची लोकसंख्या १,००० घरांची राहिलेली नसते.