सीईटीचे 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के नाहीत हो

दरवर्षी सीईटीचा रिझल्ट लागला की सगळ्या फॅमिली ग्रुपवर तेच सुरू होतं, "बारावीला 74 टक्के आणि सीईटीला 92 टक्के, वा!" आणि दुसरीकडे 60 पर्सेंटाइलवाल्या पोराला "चला, फर्स्ट क्लास तरी आला" म्हणून पेढे. दोन्ही चूक आहे, आणि ही चूक मग कॉलेजचा ऑप्शन फॉर्म भरताना महागात पडते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

इंजिनीअरिंगची एमएचटी सीईटी, पीसीएम ग्रुप, घ्या. पेपर 200 मार्कांचा, फिजिक्स केमिस्ट्री मिळून 100 आणि एकट्या मॅथ्सचे 100, निगेटिव्ह मार्किंग नाही. आता समजा तुमच्या मुलीला 200 पैकी 110 पडले. टक्के काढले तर 55. पण रिझल्टवर 55 येत नाही, कारण तिथे वेगळंच मोजलेलं असतं. तिच्या शिफ्टला समजा 20,000 मुलं बसली, त्यातल्या 18,400 जणांना 110 किंवा त्याहून कमी मार्क पडले (ती स्वतः पण त्यात धरलेली), तर 18,400 भागिले 20,000 गुणिले 100, म्हणजे 92. झालं, हे तिचं पर्सेंटाइल. तिने पेपर किती सोडवला याच्याशी त्या 92 चा थेट संबंध नाही, किती जण तिच्या बरोबरीने किंवा मागे आहेत एवढंच ते सांगतं.

हे असं का करतात? कारण पेपर एक नसतो. बरेच दिवस सकाळ-दुपार शिफ्ट चालतात, प्रत्येक शिफ्टला वेगळे प्रश्न, एखादीचं मॅथ्स जीव काढणारं तर एखादीचं सरळ. समजा सोप्या शिफ्टच्या एका मुलाला 120 पडले, तिथे 19,000 मुलं आणि त्यातली 17,290 त्याच्याइतकी किंवा खाली, तर त्याचे झाले 91. मार्क 10 जास्त, पर्सेंटाइल एकने कमी. त्याच्या आईवडिलांना हा अन्याय वाटतो, आणि मला त्यांचं दुःख कळतं, पण मार्क तसेच लावले असते तर अवघड पेपर वाट्याला आलेली सगळीच मुलं मेली असती. या पद्धतीची कमजोर बाजू एकच, प्रत्येक शिफ्टला हुशार-मध्यम मुलं साधारण सारख्या प्रमाणात आली असं गृहीत धरलेलं असतं. मोठ्या शिफ्टमध्ये ते बऱ्यापैकी जमतं, अगदी तंतोतंत जमेलच असं नाही. म्हणूनच ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "इतक्या मार्कांना इतके पर्सेंटाइल" चार्ट मला डोक्यात जातात, कुठल्या वर्षाचा, कुठल्या शिफ्टचा काही पत्ता नसतो आणि पोरं त्यावर रात्रभर रडतात!

आता अजून एक गोष्ट जी खूप जण विचारतात. फिजिक्स 88, केमिस्ट्री 90, मॅथ्स 91, मग टोटल 92 कशी, सरासरी तर 90 च्या आत येते, रिझल्ट चुकलाय का? नाही चुकला. टोटल पर्सेंटाइल तीन विषयांच्या पर्सेंटाइलवरून काढतच नाहीत, एकूण मार्कांवरून पुन्हा सगळ्यांची तुलना करतात. फिजिक्समध्ये हिच्या पुढे असलेली बरीच मुलं मॅथ्समध्ये मागे पडतात, तिन्ही विषयांत बरी असणारी मुलं कमी असतात, म्हणून टोटल तिन्हीपेक्षा वर जाऊ शकते. उलटंही होतं, खालच्या बाजूला.

आणि पास-नापास इथे नाहीच. 35 म्हणजे काठावर पास असं काही नसतं, 35 म्हणजे साधारण 65 टक्के मुलं पुढे आहेत.

खरा धोका वरच्या टोकाला आहे. "92 आणि 95 मध्ये काय तीनचाच फरक" असं म्हणू नका. समजा 3 लाख मुलांचे रिझल्ट आहेत, तर एक पर्सेंटाइल म्हणजे 3,000 मुलं. 92 वर साधारण 24,000 पुढे, 95 वर 15,000, म्हणजे मध्ये 9,000 मुलं उभी आहेत! 99 ला 3,000 पुढे आणि 99.9 ला फक्त 300. म्हणून तर पर्सेंटाइल दशांशाच्या पुढे सात आकडे देतात, उगाच नाही.

म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना बारावीचे टक्के बाजूला ठेवा, ते किमान पात्रतेपुरते बघायचे. गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या कटऑफ यादीत पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबर पण असतो, तुमच्या मुलीचा मेरिट नंबर त्याच्याशी ताडून बघा, त्यातही तुमची कॅटेगरी, होम युनिव्हर्सिटी आणि कुठला राउंड हे तपासून. यंदा बसणारी मुलं वाढली असतील तर त्याच 92 ला मेरिट नंबर मागे गेलेला दिसेल, आणि जागा नंबरावर मिळते.