रिकामा बसलेला सेल्समन

«दुकानदार बंधूंनो, सोपा हिशोब! दिवसभरात आलेली माणसं मोजा, दुकानाच्या तासांनी भागा. दर १० माणसांमागे १ सेल्समन पुरे. मोजायला वेळ नसेल तर बिलं मोजा. आणि कोणी रिकामा बसलेला दिसला की समजा, एक पगार वाया चाललाय. पुढे पाठवा!»

पुढे पाठवत पाठवत हे माझ्या मामांपर्यंत पोचलं. त्यांचं इंदूरच्या सीतलामाता बाजारात साड्यांचं दुकान आहे. पाच सेल्समनांपैकी एकाला काढायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मी दोन आठवडे दाराशी स्टूल टाकून बसले, ते याच रागात.

रिकाम्या माणसाचंच आधी बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे. संध्याकाळी सहा ते सात दुकानात साधारण ३० माणसं येतात. पण साडी घ्यायला एकटं कोण येतं? आई, मुलगी, जाऊ, सोबत कंटाळलेला नवरा. ३० माणसांचे गट होतात १२, आणि सेल्समन लागतो तो गटाला. साड्या दाखवणं, मग उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालणं धरून एका गटामागे १५ मिनिटं जातात. म्हणजे तासाला १८० मिनिटांचं काम, तीन माणसांना पुरेल एवढं. मेसेजच्या हिशोबानेही तीनच येतात. मामा म्हणाले, "मग बरोबरच आहे की!"

नाही ना. गट काही घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी येत नाहीत. सव्वासहाला चार एकदम शिरतात, मग दहा मिनिटं चिटपाखरू नसतं. ती रिकामी दहा मिनिटं उचलून पुढच्या गर्दीत वापरता येत नाहीत. म्हणून तीन माणसांना बरोबर तीन माणसांचंच काम दिलं, तर एकदा साचलेली गर्दी ओसरायला वावच उरत नाही.

हे माझं डोकं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ साली याचं सूत्र मांडलं. फोन करणाऱ्याला किती थांबावं लागेल, हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या सूत्रात मामांचे आकडे घातले. चार सेल्समन असले तर निम्म्या गटांना थांबावं लागतं, आणि सगळ्यांची सरासरी काढली तरी थांबणं साडेसात मिनिटांच्या आसपास जातं. पाच असले तर जेमतेम पाव गट थांबतात आणि सरासरी दोन मिनिटांच्या आत येते. ज्या बाजारात शेजारचा दुकानदार "या ताई, बसा" म्हणत उभाच असतो, तिथे साडेसात मिनिटं कोण थांबेल? त्या पाचव्या माणसाची किंमत अशी की पाचही जण तासातली २४ मिनिटं मोकळे दिसतात. मामांना नेमकी तीच २४ मिनिटं खुपत होती.

सूत्र इथे तंतोतंत बसत नाही, हेही खरं. गट कितीही वेळ थांबतील, असं ते धरून चालतं. उलट मुरलेला सेल्समन एकाला साडी उलगडून दाखवता दाखवता दुसऱ्याला चहा सांगतो आणि दोन गट सांभाळतो. पण लग्नसराईत बस्त्याची मंडळी आली की एकच गट दोन तास गादी सोडत नाही. तो एक गट आठ साध्या गटांएवढा धरायला हवा. दारावर मोजणाऱ्याला मात्र ती फक्त दहा माणसं दिसतात.

दिवसाची सरासरी तर निव्वळ थट्टा आहे. अकरा ते नऊ या दहा तासांत १५० माणसं, म्हणजे तासाला १५, म्हणजे दीड सेल्समन! सकाळी अर्ध्या माणसाचं काम असतं, संध्याकाळी तिघांचं. मोजायचं तर तासातासाने, वारावाराने, निदान चार आठवडे. त्यात रंगपंचमी आली तर ती वगळा, रंग उडवत निघणाऱ्या गेरीच्या मिरवणुकीदिवशी राजवाड्याच्या आसपास साड्या कोण विकतं? बिलांबद्दल एवढंच सांगते की थांबून कंटाळून निघून गेलेल्यांची बिलं होत नाहीत. माणसं कमी केली की बिलं घटतात, आणि घटलेली बिलं बघून आणखी माणसं कमी करावीशी वाटतात.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. सकाळी अकराला पाच जण बसवणं ही उधळपट्टीच होती. तेव्हा दोघे पुरतात. काम अर्ध्याच माणसाचं असलं तरी दोन हवेत, कारण एक माळ्यावर माल काढायला चढला की गादीवर कोणीतरी लागतं. बाकीचे तिघे आता तीनला येतात, नऊपर्यंत थांबतात आणि चहाला पाचच्या आत एकेक करून जाऊन येतात. ज्याला काढणार होते तो मुलगा त्या तिघांतच आहे. मामांनी मेसेज अजून डिलीट केलेला नाही, पण पुढेही पाठवलेला नाही.