छत्तीस पानांत फ्लश वर का?

“शॉर्ट डेक पोकरमध्ये फ्लश फुल हाउसला हरवतो, हा फक्त खेळ रंगवायला काढलेला नियम आहे.”

नाही, हा मोजणीचा नियम आहे. फ्लश म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, फुल हाउस म्हणजे सारख्या तीन पानांची तिकडी आणि एक जोडी. दुर्रीपासून पंजीपर्यंतची पानं काढली की बदामची तेराऐवजी नऊच उरतात. त्यांतून पाच निवडायचे मार्ग १,२८७ वरून थेट १२६ वर येतात. राजे मात्र चारच्या चारच राहतात, म्हणून जोडी आणि तिकडी जुळणं तेवढं अवघड होत नाही. पाच पानांचे सगळे हात मोजले तर पूर्ण कॅटमध्ये फ्लश ५,१०८ आणि फुल हाउस ३,७४४. छत्तीस पानांत फ्लश ४८० आणि फुल हाउस १,७२८. दुर्मिळ हात वर, एवढंच. तिकडी आणि स्ट्रेट, म्हणजे ओळीने येणारी पाच पानं, यांचा क्रम मात्र प्रत्येक टेबलावर सारखा नसतो. तो आधी विचाराच.