शहाळं, पुडी आणि आंबील: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, शहाळ्यासारख्या निसर्गाच्या देणगीला तुम्ही दुय्यम ठरवलंत आणि मीठ-साखरेच्या पुडीचं कौतुक केलंत, हे पटलं नाही. माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. ते घरी आले की आम्ही शहाळंच देतो. त्यांना बीपी आहे, म्हणून मीठ नकोच. मुलगी तीन वर्षांची आहे. परवा तिला जुलाब झाले तेव्हाही शहाळं आणि खोक्यातलं फळांच्या चवीचं ओआरएस दिलं. गरिबाने या उन्हात रोज पुड्या फोडत बसायचं का?"

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, रोज पुडी फोडायची गरज नाही. मात्र वडिलांचं आणि लेकीचं दुखणं वेगळं आहे, म्हणून दोघांना एकच पेय चालणार नाही.

आधी वडिलांचं पाहू. घामातून पाण्याबरोबर मुख्यतः सोडियम, म्हणजे मीठ जातं. पोटॅशियम त्या मानाने फार थोडं जातं. शहाळ्याचं नेमकं उलट आहे. त्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि सोडियम कमी. म्हणजे जे गेलंय ते शहाळं थोडंच भरून देतं आणि जे फारसं गेलेलं नाही ते भरपूर देतं. पाणी आणि थोडी साखर म्हणून ते चांगलंच आहे, पण घामाची भरपाई म्हणून ते अपुरं पडतं.

वडिलांचं किती जातं ते घरच्या वजनकाट्यावर कळतं. समजा पाळीला जाताना वजन ६२ किलो होतं, परतल्यावर ६०.८ भरलं आणि मधे त्यांनी लिटरभर पाणी प्यायलं होतं. म्हणजे १.२ अधिक १, असा साधारण २.२ लिटर घाम गेला (लघवी आणि खाणं बाजूला ठेवून). लिटरभर घामात सरासरी अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ धरलं, तर पाच-साडेपाच ग्रॅम झालं, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराला थोडं कमी. माणसागणिक हा आकडा बराच बदलतो. उन्हाची सवय झाली की घामातलं मीठ कमी होतं, त्यामुळे पहिल्या कडक आठवड्यात जास्त जपावं लागतं. बनियनवर पांढरे डाग उमटत असतील तर त्यांच्या घामात मीठ जास्त आहे असं समजा.

यातलं बरंचसं मीठ जेवणातूनच परत येतं. भाकरी, आमटी, शेंगाचटणी पोटभर खाल्ली तर वेगळं काही लागत नाही. गडबड होते ती उन्हाने भूक मरते तेव्हा. माणूस जेवत नाही, नुसतं गार पाणी ढोसत राहतो, मग पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं. अशा वेळी मला आपली ज्वारीची आंबील सगळ्यात बरी वाटते. दोन मोठे चमचे पीठ रात्री थोड्या पाण्यात भिजवायचं, सकाळी तीन-चार वाट्या पाण्यात चांगलं शिजवायचं आणि पूर्ण निवल्यावर ताक घालून लिटरभर करायचं. निरोगी माणसाने त्यात चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. ज्वारीतला स्टार्च आतड्यात मोडून ग्लुकोज होतो आणि ग्लुकोजसोबत सोडियम आत ओढलं जातं, मागोमाग पाणीही. पुडीतल्या ओआरएसचं कामही याच वाटेने चालतं.

आता बीपी. इथे मला तुमची खरी काळजी वाटते. बीपीच्या कित्येक गोळ्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन तर जास्तच. मूत्रपिंड थोडं कमजोर असेल आणि वर रोज दोन शहाळी, म्हणजे दीडेक ग्रॅम पोटॅशियम गेलं, तर ते रक्तात वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे मीठ नको म्हणून शहाळं सुरक्षित, असा हिशेब बीपीच्या माणसाला लागू होत नाही. गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. तोवर आंबिलीत पाव चमचाच मीठ घाला आणि शहाळं कधीतरी, एकच. लघवीची गोळी चालू असेल आणि उठताना भोवळ येत असेल, तर ती गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. उन्हाळ्यात कधीकधी डोस बदलावा लागतो.

आता लेकीचं. जुलाबात पाणी, सोडियम, पोटॅशियम, सगळंच भराभर जातं आणि तीन वर्षांच्या जिवात साठा तो किती. इथे मी पुडीवर अडून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर मुद्दाम एवढीच आहे. फळांच्या चवीच्या खोक्यांत १०० मिलीतच ८ ते १२ ग्रॅम साखर सापडते. एवढी साखर आतड्यात पाणी शोषू देत नाही, उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. जुना माल अजूनही कुठे दिसला तर चित्र न बघता मागची साखर वाचा.

पुडीतही एक चूक मी वारंवार पाहते. २१ ग्रॅमच्या आसपासची मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. आई ती एका पेल्यात ओतते, म्हणजे द्रावण पाचपट तीव्र होतं आणि मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. एका पेल्यापुरती, म्हणजे २०० मिलीची, चार-साडेचार ग्रॅमची छोटी पुडी वेगळी मिळते. पुडीवर लिहिलेलं पाणीच मोजून घ्या, उकळून निवलेलं, आणि केलेलं द्रावण २४ तासांनी टाकून द्या. लेकीला प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. रात्री पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी पुडी आणाच. जेवण चालू ठेवा, मऊ भात, केळं, ताक.

जुलाब नसतील, नुसतंच ऊन असेल आणि लेक नीट जेवत-खेळत असेल, तर तिला साधं पाणी, ताक, लिंबू सरबत पुरे. तेव्हा शहाळंही खुशाल द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उन्हातही फक्त आईचं दूध, वरून पाणीही नको.

लेकीने सहा तासांत लघवी केली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू आले नाहीत किंवा ती मलूल पडली, तर घरी प्रयोग न करता दवाखान्यात न्या. वडील बरळू लागले, अंग तापलेलं असेल, शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन करा, सावलीत आडवं करा, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडत वारा घाला. गोळ्यांची नावं इथेच लिहून पाठवलीत, तर पोटॅशियम साठवणारी त्यात कोणती आहे ते मी सांगेन.