आत्याच्या ओट्यावरची ‘स्वस्त’ पट्टी

«वरच्या कपाटांखाली लाइट लावायला प्रोफाइल, कव्हर असलं काही लागत नाही, ती सगळी दुकानदारांची कमाई. एलईडी पट्टी घ्यायची, कपाटाखाली अगदी मागे, भिंतीच्या कोपऱ्यात चिकटवायची, म्हणजे दिसतही नाही. दुधी कव्हर अर्धा उजेड खातं. ड्रायव्हर पट्टीच्या वॅटइतकाच घ्यावा, जास्तीचा घेतला तर बिल वाढतं. तो चिमणीच्या बॉक्समध्ये लपवून टाका. रंग पांढराशुभ्रच घ्या.»

हे फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आलं तेव्हा मी सोडून दिलं होतं. पण कर्वेनगरच्या आत्याने त्यावर विश्वास ठेवून काम उरकून टाकलं आणि पंधरा दिवसांनी मला फोन केला: “अरे, भाजी चिरताना डोळ्यात जातंय. आणि आता तर ते लुकलुकतंय पण.” म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात आधी तो मागचा कोपरा, कारण खरा घोळ तिथेच आहे. ‘दिसत नाही’ असं लिहिणाऱ्याने स्वतःच्या ओट्यापुढे उभं राहून एकदा तरी पाहिलं असेल का, शंकाच आहे. आत्याचा ओटा २४ इंच खोल, वरची कपाटं १२ इंच खोल, आणि दोघांमध्ये अंतर २४ इंच. म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही फ्लॅटमधलं नेहमीचं माप. आत्या चार फूट अकरा. तिचे डोळे कपाटाच्या तळापेक्षा तीन इंच खालीच येतात, त्यामुळे कोपऱ्यातली पट्टी तिला थेट दिसते. हॉलमध्ये सोफ्यावर बसलेल्याचे डोळे तर त्याहूनही खाली असतात. स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल, तर पाहुण्यांना बसल्या जागेवरून भिंतीलगत टिपक्यांची रांग दिसणार.

बरं, हे सोसलं तरी खाली काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट आहे, म्हणजे आरसाच. पट्टी भिंतीपासून एक इंचावर आणि आत्याचे डोळे तीस इंचांवर, तर पट्टीचं प्रतिबिंब भिंतीपासून साधारण साडेसोळा इंचांवर पडतं. नेमकी तिथेच तिची विळी असते. त्यात कोपऱ्यात चिकटवलेली पट्टी तिरकी, आपल्या तोंडाकडे वळलेली, म्हणून त्या प्रतिबिंबात पट्टीची जवळपास पूर्ण झळ येते. शिवाय भिंतीला टेकून मिक्सर, तेलाची बरणी, मिठाचा डबा हे सगळं उभं असतंच. मागून येणारा उजेड त्यांच्यावर अडतो आणि त्यांच्या सावल्या चिरण्याच्या जागेवर येतात.

पट्टी लावायची ती कपाटाच्या पुढच्या कडेला, दाराच्या मागे. कड आणि पट्टी यांच्यामध्ये सुताराकडून सव्वा इंचाची फळी खाली सोडून घ्यायची. एवढी फळी पुढच्या पट्टीला आत्यापासूनही लपवते आणि सोफ्यापासूनही. मागच्या पट्टीला ती पुरत नाही, कारण फळीच्या खालून नजर तिरकी आत जाते आणि भिंतीपर्यंत पोचते. प्रतिबिंबही पुढे सरकतं: आत्याच्या बाबतीत ते ओट्याच्या कडेपासून तीन इंचांवर गेलं, विळीच्या अलीकडे.

इथे माझीही एक चूक सांगतो. मी आधी ४५ अंशांचं, भिंतीकडे तोंड केलेलं प्रोफाइल, म्हणजे पट्टी बसवायची ॲल्युमिनियमची पन्हळ, लावलं. ग्रॅनाइटसाठी ते उत्तम, कारण आपल्याकडे येणारा उजेड बराच कमी होतो. पण आत्याच्या भिंतीच्या टाइल्स चकचकीत पांढऱ्या. कपाटाच्या लगेच खाली, टाइलच्या वरच्या काठाला, एक लखलखीत रेघ उमटली, आणि बुटक्या माणसाला ती बरोबर दिसते. मग तिथे सरळ खाली तोंड असलेलं प्रोफाइल बसवलं. टाइल मॅट असेल तर ४५ अंश, चकचकीत असेल तर सरळ. भोकं पाडण्याआधी पट्टी मास्किंग टेपने चिकटवून पेटवा, घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला ओट्याशी उभं करा, एकाला सोफ्यावर बसवा. पाच मिनिटांत कळतं.

आता कव्हर. दुधी कव्हर उजेड खातं, हे खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण अर्धा नाही, साधारण पाव ते एक तृतीयांश. तेवढा फरक पट्टी थोडी जास्त वॅटची घेऊन भरून निघतो. कव्हर नसेल तर ग्रॅनाइटमध्ये एकेक टिपका वेगळा चमकतो, आणि डोळ्याला त्रास होतो तो त्यानेच. मात्र नुसतं कव्हर घेऊनही भागत नाही. मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीत दोन टिपक्यांमध्ये साडेसोळा मिलिमीटरच्या वर अंतर असतं. टिपके मिसळायला कव्हर पट्टीपासून निदान तेवढंच लांब हवं, आणि बाजारात मिळणारं सपाट प्रोफाइल आत जेमतेम सहा-सात मिलिमीटर खोल असतं. म्हणून तापकीर गल्लीत गेलात तर त्या प्रोफाइलसाठी सीओबी पट्टी मागा. तिच्यात टिपके इतके दाट असतात की सलग रेघच दिसते. प्रोफाइलचं दुसरं काम म्हणजे ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं. आत्याची पट्टी नुसती लॅमिनेटवर होती, गॅसच्या बाजूचा तिचा गोंद सुटून टोक लोंबकळत होतं.

लुकलुकण्याचं कारण ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज पट्टीला चालेल अशा कमी व्होल्टची करून देणारा डबा. आत्याची पट्टी दहा फूट, म्हणजे तीन मीटर, मीटरला ९.६ वॅट. झाले २९ वॅट. ड्रायव्हर ३० वॅटचा, फॉरवर्डच्या सांगण्याबरहुकूम, आणि तोही चिमणीच्या बॉक्समध्ये कोंडलेला. पूर्ण क्षमतेवर चालणारा ड्रायव्हर तिथल्या उष्णतेत तापला की स्वतःच बंद होतो, जरा निवला की चालू होतो. ओळखायचं असेल तर अर्धी पट्टी सोडवून पाहा: लुकलुकणं थांबलं तर ड्रायव्हरवरचा भार किंवा त्याची उष्णता हेच दुखणं. ड्रायव्हरच्या ८० टक्क्यांच्या आतच भार ठेवायचा, म्हणजे इथे ३६ वॅटच्या वरचा घ्यायचा. मी ६० वॅटचा, २४ व्होल्टचा घेतला आणि पट्टीही २४ व्होल्टची. ड्रायव्हर मोठा घेतल्याने बिल वाढत नाही, पट्टी लागेल तेवढीच वीज ओढते.

एक गोष्ट मात्र सोडू नका. एलईडीच्या ड्रायव्हरला आयएस १५८८५ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. आत्याच्या जुन्या ड्रायव्हरवर क्रमांकच नव्हता.

रंगाबद्दल वाद घालत नाही, ज्याला जो आवडेल तो. आत्याने ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर असा पांढरा घेतला.

नवा ड्रायव्हर कपाटांच्या वर, मोकळ्या हवेत, गॅसपासून लांबच्या टोकाला ठेवलाय. झाडू मारताना तो हाताला लागतो, अशी आत्याची नवी तक्रार आहे.