पांढऱ्या कडेच्या नावानं चांगभलं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी एका लोगोच्या कडेला चिकटलेली पांढरी झालर खरवडत बसलोय. पोस्टर गडद निळं, लोगो लाल, आणि त्या लालाभोवती एक पिक्सेल जाडीची फिकट गुलाबी-पांढरी रेघ. पांढऱ्या कागदावर कुणाच्या बापाला दिसली नसती. गडद निळ्यावर मात्र कुणी खडूनं गिरवल्यासारखी चमकतेय. आणि लोगो पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचा मेसेज काय, तर "जरा कड साफ करून टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं! दोन मिनिटांत फोटोशॉपच्या मॅजिक वाँडनं पांढरं निवडून डिलीट मारता येतं, तेवढंच. आणि ही झालर त्याच उद्योगातून जन्माला येते.

लोगोची कड गुळगुळीत दिसावी म्हणून काठावरच्या पिक्सेलमध्ये रंगांची भेसळ केलेली असते. लाल, हिरवा, निळा या क्रमानं माझ्यासमोरच्या लोगोचा रंग आहे 200, 30, 40. मागे पांढरं, म्हणजे तिन्ही आकडे 255. जो पिक्सेल अर्धा लोगोत आणि अर्धा बाहेर, त्याचा रंग दोन्हींच्या मधला, म्हणजे साधारण 228, 143, 148. फिकट गुलाबी. मॅजिक वाँडला हा पिक्सेल पांढरा वाटत नाही, म्हणून तो त्याला हात लावत नाही. झालं! आता तो पूर्ण अपारदर्शक गुलाबी ठिपका माझ्या 18, 24, 40 अशा काळ्यानिळ्यावर येऊन बसतो. तिथं खरं तर हवा होता 109, 27, 40, म्हणजे लाल आणि निळ्याच्या मधला काळपट रंग. असे शेकडो ठिपके एका रांगेत, म्हणजे ती झालर. पांढरं त्या रंगात मुरलेलं आहे हो, वर पडलेलं नाही. पुसून जाईल कसं?

यावर सल्ले देणारे तर विचारूच नका. पहिला म्हणतो, टॉलरन्स वाढव. वाढवला, तर वाँड कडेचे मधले पिक्सेलही खातो आणि कडेला पायऱ्या दिसायला लागतात. दुसरा म्हणतो, सिलेक्शन एक पिक्सेल आत घे. अरे, लोगो आहे 220 पिक्सेल रुंद! त्याच्या खालच्या ओळीतल्या अक्षरांची रेघ जेमतेम तीन पिक्सेलची. दोन्ही बाजूंनी एकेक कापला तर उरतं काय? रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तिसरा विद्वान म्हणतो, लेयर `Multiply` वर टाक, पांढरं गायब होतं. होतं ना, पण गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्यासोबत लोगोही गायब होतो! हा सल्ला देणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी करून बघितलंय का?

आणि फोटोशॉपमध्ये `Layer > Matting` खाली `Remove White Matte` नावाचा पर्याय आहे. नाव वाचून वाटतं, सुटलो. मीही पूर्वी दहा वेळा दाबून, काहीच बदलत नाही म्हणून माउस आपटलाय. कारण तो काम करतो अर्धपारदर्शक पिक्सेलवर. कड अर्धपारदर्शक असेल आणि तिच्या रंगात फक्त पांढरं मिसळलेलं असेल, तर तो पांढरं वजा करतो, आणि छान करतो. मॅजिक वाँडनं तासलेल्या टणक कडेत अर्धपारदर्शक काही उरलेलंच नसतं, मग तो वजा कुठून करणार? त्याच मेनूतला `Defringe` शेजारचा रंग ओढून कडेला फासतो. झालर जाते, पण कड करवतीसारखी दिसते. आगीतून फुफाट्यात.

म्हणून शेवटी जे सुरुवातीलाच करायला हवं होतं तेच केलं. पांढरं कापायचंच नाही. लोगोच्या चित्रातूनच मास्क बनवायचा, म्हणजे रंग कुठं किती दिसावा ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र. एकरंगी लोगोला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मूळ फाइल उघडून चॅनेल्स बघितले. लाल चॅनेलमध्ये लोगो 200 आणि पांढरं 255, म्हणजे फरक जेमतेम. हिरव्यात 30 विरुद्ध 255, लख्ख फरक. तो हिरवा चॅनेल कॉपी केला. पोस्टरवर लोगोच्याच लाल रंगाचा `Solid Color` लेयर टाकला, त्याच्या मास्कवर `Alt` दाबून क्लिक केलं आणि चॅनेल तिथं पेस्ट केला. मग `Ctrl+D` नं सिलेक्शन सोडलं आणि `Ctrl+I` मारून उलटा. पांढरं झालं 0, म्हणजे पूर्ण पारदर्शक. लोगो झाला 225. इथं बरेच जण थांबतात आणि मग लोगो मळकट का दिसतो म्हणून डोकं धरतात. मास्कमध्ये 225 म्हणजे लोगो सुमारे 88 टक्केच अपारदर्शक, खालचा निळा त्यातून डोकावणारच. म्हणून `Ctrl+L` दाबून लेव्हल्समध्ये पांढऱ्याचा इनपुट 225 वर आणायचा. आता आपला तो अर्धा पिक्सेल बघा. हिरव्यात 143, उलटून 112, आणि 225 च्या मानानं बरोब्बर अर्धा. रंग त्याचा शुद्ध लाल, पारदर्शकता अर्धी. पांढऱ्याचा मागमूस नाही.

(जिंपवाल्यांनो, तुमचं `Color to Alpha` हेच काम करतं, पण तेही लोगो थोडा पारदर्शक करून ठेवतं. त्यातला `Opacity threshold` खाली आणा, नाहीतर गडदवर लोगो विझल्यासारखा दिसेल.)

पण फाइल जेपीजी होती, म्हणजे सुख कसलं लागतंय! जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करून ते दाबतं, त्यामुळे अक्षरांभोवतीच्या पांढऱ्यात 250, 252 असे डाग उठतात. पांढऱ्यावर दिसत नाहीत. मास्कमध्ये ते धुरकट लाल भुरभुर होऊन अक्षरांभोवती घोंगावतात. त्यासाठी लेव्हल्समध्ये काळ्याचा इनपुट 8 केला, तेव्हा ती निवळली. याहून वर नेला तर बारीक अक्षरांच्या कडा पुन्हा कुरतडल्या जातात, म्हणून तिथंच थांबलो. लोगोत दुसरा रंग असता तर हा सगळा खेळ प्रत्येक रंगासाठी वेगळा मांडावा लागला असता. आणि लोगोच्या आत खरोखरचं पांढरं असतं, तर तेही पारदर्शक झालं असतं आणि हातानं परत भरत बसलो असतो.

आणि हो, फाइलच्या नावाला शेवटी `.png` होतं! कुणीतरी जेपीजीचं नुसतं नाव बदललेलं. आधीची फाइल तर अशी की पारदर्शकतेची ती राखाडी-पांढरी चौकटच चित्रात छापलेली. पारदर्शक म्हणजे चौकटीचं डिझाइन, अशी काहींची प्रामाणिक समजूत असावी.

सगळं झालं, 400 टक्क्यांवर कड तपासली, स्वच्छ. मग पत्ता टाकायला म्हणून त्यांनीच पाठवलेली लेटरहेडची पीडीएफ उघडली. कोपऱ्यात तोच लोगो. सहज झूम केलं, 800, 1600, 3200 टक्के. कड ब्लेडसारखी धारदार, एक पिक्सेल फुटला नाही. अख्खा व्हेक्टर लोगो तिथं बसलेला! इलस्ट्रेटरमध्ये पीडीएफ उघडली, लोगो उचलला, पोस्टरवर ठेवला. खरोखर दोन मिनिटं लागली.

अडीच तासांपूर्वी मी याच माणसाला विचारलं होतं, "लोगो दुसऱ्या कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे का?" उत्तर होतं, "नाही हो, एवढाच आहे."