एकाच फोटोचं उभं कव्हर आणि आडवं थंबनेल: आमचं उत्तर

«आई चुलीवर मातीच्या खापरावर मांडे भाजतेय, त्या फोटोचं स्टोरीचं कव्हर मस्त झालं होतं. त्याच फोटोचं व्हिडिओसाठी थंबनेल मागितलं तर आईचं कपाळ कापलं आणि खापर गायबच. वरून म्हणतात फोटो पुन्हा काढावा लागेल, त्याचे वेगळे पैसे. एक फोटो आडवा करायला एवढं काय लागतं? दोन स्टार.»

नमस्कार ताई,

तसं थंबनेल आमच्याकडून बाहेर जायलाच नको होतं, ही चूक आमची. ऑर्डर घेताना आम्ही फक्त «साइझ कोणती» एवढंच विचारलं आणि चित्रात काय कुठे हवं ते विचारलं नाही. फोटो पुन्हा काढायचे पैसे घेणार नाही. पण तो पुन्हा का काढावा लागतो हे इथेच लिहितो, कारण जळगाव-भुसावळकडे घरगुती मांडे, पापड, भरीत विकणाऱ्या बऱ्याच जणी स्टोरी आणि व्हिडिओ दोन्ही टाकतात आणि सगळ्यांचं इथेच अडतं.

स्टोरीचं कव्हर 9:16, म्हणजे 1080×1920 पिक्सेल. थंबनेल 16:9, म्हणजे 1280×720. उभ्या फोटोची पूर्ण रुंदी ठेवून त्यातून आडवा तुकडा काढला, तर 1080 रुंदीला उंची मिळते जेमतेम 608. म्हणजे 1920 पैकी तिसरा हिस्साही उरत नाही. तुमच्या कव्हरवर आईंचा चेहरा वरून साधारण 500 पिक्सेलवर आहे आणि पालथं खापर 1400 च्या आसपास. मधलं अंतरच 900. चेहरा घेतला की खापर जातं, खापर घेतलं की चेहरा. आमच्या माणसाने मध्येच कुठेतरी तुकडा घेतला, म्हणून कपाळही कापलं आणि खापरही गेलं. मूळ फोटो कितीही मोठा असला तरी हे प्रमाण बदलत नाही. पूर्ण उभा फोटो मधोमध ठेवून बाजूला धूसर पट्टे भरता येतात, पण मग 1280 पैकी फक्त 405 रुंदीत फोटो बसतो आणि मोबाईलवर आई नखाएवढ्या दिसतात.

खरा उपाय कापण्यात नाही, कॅमेरा कुठे उभा आहे त्यात आहे. समोरून फोटो काढला की खापर आईंच्या पुढ्यात असल्यामुळे चित्रात त्यांच्या खाली येतं: वर चेहरा, मध्ये हातावर लोंबणारी पोळी, खाली खापर आणि जाळ. उभ्या चौकटीला हे अगदी चपखल. तोच कॅमेरा चुलीच्या बाजूला नेला की आई डावीकडे, खापर उजवीकडे आणि दोन्हींच्या मध्ये पोळी, असं सगळं एका ओळीत येतं. हे थंबनेलचं चित्र. हात तेच, काम तेच, पण फोटो दोन.

म्हणून काम सांगताना «आडवा करा» किंवा «सगळं दिसू दे» असं सांगू नका. आडव्या चौकटीत «सगळं» म्हणजे ओटा, डबे, भिंत, आणि माणूस एवढासा. कव्हरसाठी असं सांगा: «समोरून, आई मधोमध, चेहरा वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेजवळ, खाली खापर, वरचे 250 आणि खालचे 340 पिक्सेल मोकळी भिंत किंवा जमीन.» त्या पट्ट्यांवर खात्याचं नाव, चिन्हं आणि उत्तराची चौकट येते. तुमच्या कव्हरवर ही जागा सुटली होती, म्हणून ते जमलं.

थंबनेलसाठी: «बाजूने, कमरेपासून वर, आई डाव्या तिसऱ्या भागात, नजर उजवीकडे खापरावर, उजव्या वरच्या बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा, उजवा खालचा कोपरा रिकामा.» त्या कोपऱ्यावर यूट्यूब व्हिडिओची वेळ दाखवतं, तिथे लिहिलेलं हमखास झाकलं जातं. नजर डावीकडे, चौकटीबाहेर गेली, तर बघणाराही खापरापर्यंत पोचत नाही.

मजकूरही तसाच उचलून ठेवता येत नाही. कव्हरवर «खापरावरची» आणि «पुरणपोळी» एकाखाली एक मोठ्या अक्षरात बसतात. फक्त दोन ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं, नाहीतर खालच्या ओळीची मात्रा आणि वेलांटी वरच्या अक्षरांत अडकते. थंबनेलवर उंची कमी, तिथे «खापरावरचे मांडे» एवढंच, एका ओळीत. तयार झालं की चित्र स्क्रीनवर अंगठ्याएवढं करून बघा. आईंच्या चेहऱ्यावरचा भाव आणि पोळीचा पातळपणा तेव्हाही कळला, तरच ते थंबनेल.

ताई, पुढच्या वेळी चूल पेटवाल त्या दिवशी सकाळी कळवा. जाळाचा उजेड पोळीच्या मागून आला की ती आरपार दिसते, म्हणून खिडकी शक्यतो अर्धी लावून ठेवा. समोरून आणि बाजूने दोन्ही फोटो एकाच पोळीवर होणार नाहीत, कारण ती हातावर फार वेळ थांबत नाही. दोन-तीन उंडे जास्तीचे भरून ठेवा.